चित्र पुढे, आवाज मागे: रॅम घेण्याआधी हे बघा

प्रश्न: चुलतभावाच्या लग्नाचे क्लिप्स फुकटच्या डाविंची रिझॉल्व्हमध्ये जोडतोय, अर्धं एडिटिंग झालंय. सगळं शूटिंग मोबाईलवर आणि आवाज मंडपवाल्याच्या मिक्सरमधून वेगळा घेतलाय. सुरुवातीला ओठ जुळतात, पण पाच-सहा मिनिटांनी आवाज आणि चित्र वेगळं होतं. कॉम्प्युटर कमी पडतोय का? रॅम वाढवू?

उत्तर: भाऊ, थांबा. दुकानात जाऊ नका. मी गेलो होतो, म्हणून सांगतोय.

कराडकडच्या एका फोटोग्राफरचं काम करत होतो, पहिल्याच सीझनची गोष्ट. मंगलाष्टकांचा सहा मिनिटांचा सलग क्लिप होता, नवरदेवाच्या मेहुण्याने मोबाईलवर काढलेला. मी सुरुवातीची टाळी बघून मिक्सरचा आवाज जुळवला, पुढचं काही तपासलं नाही आणि पेनड्राइव्ह दिला. मुलीच्या वडिलांनी तो पाहुण्यांसमोर टीव्हीवर लावला. अक्षता पडून गेल्या, लोक हार घालायला सरसावले, आणि मग भटजींचं 'सावधान' ऐकू आलं. पाहुणे हसले. माझे उरलेले पैसे आजपर्यंत आलेले नाहीत.

मी ज्या दुकानात कॉम्प्युटर घेतला होता तिथल्या माणसाने फाइल उघडूनही न बघता 'मशीन ओढत नाही' म्हटलं आणि रॅम, एसएसडी बदलून साडेअकरा हजार घेतले. घरी आलो, प्रोजेक्ट उघडला, अक्षता अजूनही आधीच पडत होत्या. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला ग्राफिक्स कार्ड टाकू. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की याला माझं दुखणं कळलेलंच नाही. (मशीन खरंच कमी पडतं तेव्हा प्लेबॅक अडखळतं, पण एक्सपोर्ट केलेली फाइल बरोबर येते. तुमच्या एक्सपोर्टमध्येही घोळ असेल तर रॅमचा संबंध नाही.)

खरं कारण असं. मोबाईल दर सेकंदाला नेमक्या 30 फ्रेम काढतोच असं नाही. उजेड कमी झाला की बरेच फोन वेग उतरवतात, फोन तापला तरी फ्रेम गळतात. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते, म्हणून मोबाईलवर बघताना सगळं ठीक दिसतं. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र एकसारख्या अंतराच्या फ्रेम हव्या असतात. माझ्या क्लिपची सरासरी 29.8 होती. सहा मिनिटांत, म्हणजे 360 सेकंदांत, 10,728 फ्रेम. त्या 30च्या चालीने लावल्या की 357.6 सेकंदांतच संपतात. चित्र 2.4 सेकंद आधी संपलं, आवाज आपल्या वेळेने चालत राहिला. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये हाच फरक फक्त तीन फ्रेमचा असतो, म्हणून रील करणाऱ्यांना हा त्रास वर्षानुवर्षं कळत नाही.

ओळखायचं कसं? सुरुवात जुळवा आणि शेवट बघा. अंतर सगळीकडे सारखंच असेल तर तुम्ही जुळवतानाच चुकलात, आवाज सरकवा आणि झालं. अंतर हळूहळू वाढत गेलं तर बहुतेक हेच. खात्रीसाठी मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, क्लिप त्यात टाका. `Frame rate mode : Variable` दिसलं की चोर सापडला.

उपाय म्हणजे एडिटिंगच्या आधी क्लिपची एकसारख्या वेगाची प्रत बनवायची. हँडब्रेक फुकट आहे. Video टॅबमध्ये Framerate ला आकडा निवडा, 'Same as source' ठेवू नका, आणि खाली `Constant Framerate` वर टिक करा. क्वालिटीचा RF 18च्या आसपास ठेवा. आकडा कमी तेवढी फाइल मोठी, तेव्हा डिस्कवर जागा आहे ना बघा. पन्नास क्लिप असतील तर मी एफएफएमपेग वापरतो. विंडोजवर क्लिपच्या फोल्डरमध्ये `cfr` नावाचा रिकामा फोल्डर करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
for %a in (*.mp4) do ffmpeg -i "%a" -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 256k -ar 48000 "cfr\%a"
```

मॅकबद्दल मला विचारू नका, माझ्याकडे कधी नव्हता.

30 की 25? तुमचं सगळंच मोबाईलवर आहे, तर 30. फोटोग्राफरचा कॅमेरा सोबत असेल आणि तो 25वर असेल (आपल्याकडे बहुतेक असतो), तर सगळं 25वर आणा. 30चं 25 करताना फ्रेम गळतात, वरातीतल्या नाचात थोडा झटका दिसतो. पण ओठ चुकण्यापेक्षा तो परवडला, हे माझं मत. ठरवलेला आकडा रिझॉल्व्हच्या Project Settings मध्ये `Timeline frame rate` ला पहिली क्लिप आत घेण्याच्या आधी टाका. नंतर तो आकडा बदलू देत नाही. पहिली क्लिप ओढल्यावर ते स्वतःहून फ्रेम रेट बदलायचं विचारतं, तिथे डोळे मिटून `Change` दाबू नका.

आता तुमचं अर्धं एडिटिंग झालंय म्हणता, तर खरं सांगतो: जुन्या क्लिपच्या जागी नवी प्रत जोडली की फ्रेमचा हिशोब बदलतो आणि कट सरकतात. म्हणून सगळं बदलू नका. ज्या क्लिपचा आवाज ऐकू येणार आहे किंवा ओठ दिसणार आहेत, मंगलाष्टकं, उखाणे, मामांचं भाषण, तेवढ्याच बदला आणि त्यांचे कट पुन्हा करा. हळद, मेंदी, रोषणाई, जिथे खाली गाणं वाजतंय, तिथे कोणाला कळणार आहे? मी तेव्हा एका रात्री दर अष्टकाला आवाज कापून थोडा थोडा सरकवत बसलो होतो. आठ जागी कापला. दिसायला जुळला, पण प्रत्येक कापावर भटजींचा सूर तुटला आणि पहाटे चारला सगळं पुन्हा करावं लागलं. ते मात्र करू नका.

आणि मूळ क्लिप काम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अल्बम-पेनड्राइव्ह सगळं देऊन पैसे हातात येईपर्यंत, उडवायच्या नाहीत. क्लिप व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारख्या मागवल्या तर आकार दाबला जातो, तेव्हा ड्राइव्हवर किंवा केबलने घ्या.

कटकट नको असेल तर शॉटकट बघा. फुकट आहे, साध्या मशीनवर चालतं, आणि अशी क्लिप टाकली की 'Convert to Edit-friendly' करू का म्हणून स्वतः विचारतं. रंगाचं काम मला रिझॉल्व्हमध्येच आवडतं, पण साडीच्या दुकानाच्या रीलला शॉटकट भरपूर झालं.

दुकानांवरून आठवलं. तिथे दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात ना, त्याचं कारण वेगळं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. आयफोनवाला असेल तर सेटिंग्जमध्ये Camera, मग Record Video मध्ये `Show PAL Formats` चालू केल्यावर 25 मिळतो, आणि तिथेच `Auto FPS` बंद करता येतं. पुढच्या लग्नाआधी मेहुण्याचा फोन पाच मिनिटं हातात मागून घ्या.

मीडियाइन्फोमध्ये काय दिसतं ते इथे टाका. Variable ऐवजी Constant निघालं तर मी वर लिहिलेलं तुम्हाला लागू नाही, मग मिक्सरची फाइल बघू.