चहा पाण्यात धरायचा, पण आधी कप मोजायचा

प्रश्न: आई ७४ वर्षांची आहे. दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले पाणी पिते. टोकलं की म्हणते, "चार-पाच वेळा चहा होतो ना!" चहा-कॉफी खरंच पाण्यात धरायची का? की त्याने उलट पाणी कमी होतं? आणि म्हाताऱ्या माणसांनाच डिहायड्रेशन इतकं पटकन का होतं?

उत्तर:

चहा धरायचा. कॉफीही धरायची. आईंचं म्हणणं बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे, ती एका पेशंटच्या गोष्टीतून सांगते.

मी अकोल्यात जनरल प्रॅक्टिस करते. इथला मे महिना कसा असतो हे वेगळं सांगायला नको. अशाच एका मे महिन्यात ७८ वर्षांच्या एका आजींना घेऊन सून आणि मुलगा आले. दोन दिवसांपासून आजी असंबद्ध बोलत होत्या, नातवाला धाकट्या दिराच्या नावाने हाक मारत होत्या. घरच्यांना वाटलं, डोक्यात गाठ झाली किंवा विसरभोळेपणाचा आजार सुरू झाला. जीभ पाहिली तर ओली. सून म्हणाली, "निघताना चहा दिला होता." हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहिली, पण त्या वयात धडधाकट माणसाचीही ती तशीच राहते. म्हणजे या दोन्ही खुणांवरून काहीच ठरवता येत नव्हतं.

मग झोपवून बी.पी. घेतलं, १२८. उभं करून दोन मिनिटांनी पुन्हा घेतलं, ९८. वजन केलं, साडेएकोणपन्नास किलो. तीन आठवड्यांपूर्वीच्या माझ्याच कागदावर ५२ लिहिलेलं होतं. इतक्या थोड्या दिवसांत अडीच किलो मांस किंवा चरबी सहसा जात नाही, जातं ते मुख्यतः पाणी, आणि एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. रक्तात सोडियम १५० निघालं (नेहमीचं १३५ ते १४५), युरिया आणि क्रिएटिनिनही वाढलेलं. आजींना भरती केलं, सलाईन हळूहळू दिलं, कारण चढलेलं सोडियम घाईने खाली आणलं तर मेंदूला सूज येऊ शकते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातवाला त्याच्याच नावाने हाक मारली.

सून रडवेली होऊन मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "मॅडम, मी पाणी विचारत होते हो, त्याच नको म्हणायच्या." ती खरं बोलत होती. आजीही खरं बोलत होत्या. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तहानच नाही लागत बाई, मंग कायले पेऊ पानी?"

तुमच्या "का" या प्रश्नाचं मुख्य उत्तर या वाक्यात आहे. आपण तहानेच्या भरवशावर जगतो. रक्त जरा घट्ट झालं की मेंदूतल्या एका केंद्राला कळतं, आणि घसा कोरडा वाटून आपला हात तांब्याकडे जातो. वय वाढलं की ही सूचना उशिरा येते आणि मवाळ येते. १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. निरोगी वृद्ध पुरुष आणि निरोगी तरुण, दोघांनाही २४ तास पाणी दिलं नाही. वृद्धांचं रक्त तरुणांपेक्षा जास्त घट्ट झालं होतं, तरी त्यांना तहान कमी जाणवली. नंतर समोर पाणी ठेवलं तेव्हाही ते कमी प्यायले. ही माणसं आजारी नव्हती, हे लक्षात घ्या. म्हणून "तहान लागली की पितील" हा हिशेब सत्तरीनंतर चालत नाही.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडांची. तुम्ही-आम्ही उन्हात फिरून आलो की लघवी थोडी आणि गडद होते, कारण मूत्रपिंड पाणी अडवून ठेवतं. तसा हुकूम मेंदूतून एका हार्मोनमार्फत येतो. उतारवयात हुकूम येतो, पण मूत्रपिंड तो पूर्वीइतका पाळत नाही. शरीराला पाण्याची गरज असतानाही लघवीवाटे पाणी जातच राहतं. त्यामुळे लघवीचा रंग बघून वृद्धांच्या पाण्याचा अंदाज बांधू नका. रंग फिका असूनही शरीर सुकलेलं असू शकतं.

त्यातच साठाही कमी झालेला असतो. शरीरातलं पाणी मोठ्या प्रमाणात स्नायूंमध्ये असतं आणि वयाबरोबर स्नायू झिजतात. एक दिवस जुलाब झाले किंवा ताप आला, तर तरुण माणूस निभावून नेतो, आजी-आजोबा नाही.

आता चहाकडे येते. "चहाने लघवी होते, म्हणजे पाणी निघून जातं" हे मीही लहानपणापासून ऐकलं आहे. त्यात तथ्य एवढंच की कॅफिनमुळे मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी थोडं जास्त सुटतं. पण हा परिणाम जाणवायला एकावेळी साधारण अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफिन लागतं, आणि तेही सवय नसलेल्याला. घरच्या एका कप चहात ते तीस-पन्नास मिलिग्रॅम असतं. वर्षानुवर्षं चहा पिणाऱ्याचं शरीर त्याला सरावलेलं असतं. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली, आणि पुन्हा तीन दिवस तेवढंच पाणी दिलं. वजन, रक्त, लघवीचं प्रमाण, कशातच लक्षणीय फरक पडला नाही. ही माणसं तरुण होती, हे मी मुद्दाम सांगते. पण युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची, एस्पेनची, खास वृद्धांसाठीची मार्गदर्शक सूचनासुद्धा चहा-कॉफी पेयांत मोजायलाच सांगते. त्यांचा आकडा असा: वृद्ध स्त्रीने दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषाने २ लिटर पेयं घ्यावीत. पाणी, चहा, दूध, ताक, सरबत सगळं त्यात आलं. भाजी-वरणातलं पाणी वेगळं. आपल्या उन्हाळ्यात याहून जास्त लागतं.

मग आजींचं कुठे चुकलं? मी सुनेला घरचा चहाचा कप आणायला सांगितला आणि दवाखान्यातल्या मापाने भरून पाहिला. काठापासून थोडा खाली, जसा आपण देतो तसा. ऐंशी मिली भरला. पाच वेळा चहा म्हणजे ४०० मिली. गोळ्यांबरोबर दोनदा दोन-दोन घोट, ते धरा १००. जेवताना अर्धं फुलपात्र, दोन्ही वेळचं मिळून २००. एकूण सातशे. लागणार होते सोळाशे, आणि बाहेर ऊन ४४ अंश. "पाच वेळा चहा" ऐकायला भरपूर वाटतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्याकडेही आज हेच करून पहा. आईंचा नेहमीचा कप आणि पेला एकदा मापून ठेवा, आणि एक दिवस सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत जे पोटात जातं ते कागदावर लिहा. त्यांना न टोकता, नुसतं लिहा.

चहाचे खरे तोटे दुसरे आहेत. पाच कपांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला दहा चमचे, मधुमेह असेल तर हे फारच झालं. आणि कॅफिनने मूत्राशय चाळवतं, लघवीची घाई होते. मग काय होतं, तर माणूस चहा सोडत नाही, पाणी सोडतो.

आजींनी नेमकं हेच केलं होतं. संध्याकाळी पाचनंतर त्या पाण्याला शिवत नसत. कारण त्यांनी तिसऱ्या दिवशी, सून बाहेर गेल्यावर, हळूच सांगितलं, "राती अंगनात जा लागते. पाय घसरला तं?" त्यांचा संडास घराच्या मागे, अंगण ओलांडून होता. ज्या घरात आई "पाणी नको" म्हणते, तिथे मी आता आधी संडास कुठे आहे, वाटेत दिवा आहे का, गुडघे दुखतात का, हे विचारते. आजींसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवली. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडायला सांगितलं, कारण दिवसा पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि लघवीला उठवतं. पाण्याचा मोठा वाटा सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत उरकायचा. गोळी दोन घोटांवर न घेता पूर्ण फुलपात्र पाण्याबरोबर. चहा तोच, पण मोठ्या कपात, पातळ आणि अर्ध्या साखरेचा, आणि संध्याकाळनंतर नाही. जेवताना पातळ ताक, मीठ अगदी बेताचं. आणि "पाणी देऊ का?" असं विचारायचं नाही, कारण उत्तर "नको" हेच येतं. भरलेलं फुलपात्र हातात द्यायचं आणि दोन मिनिटं शेजारी बसायचं. सुनेने हे सगळं केलं. पुढच्या महिन्यात वजन पुन्हा ५२ भरलं.

पाणी वाढवण्याआधी मात्र डॉक्टरांशी बोला. आईंना हृदय कमजोर असल्याचं किंवा किडनीचा आजार असल्याचं सांगितलेलं असेल, पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मी वर दिलेला आकडा त्यांच्यासाठी नाही. त्यांच्या बी.पी.च्या गोळीत लघवीचं औषध आहे का, तेही पाहून घ्या. पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असतं. माझ्या आजींच्या गोळीत ते होतं. या गोळ्यांवर असताना नुसतं साधं पाणी खूप ढोसलं तर उलट सोडियम खाली जाऊन तशीच भ्रमिष्ट अवस्था होऊ शकते, म्हणून एकदम तांबेच्या तांबे पाजू नका, हळूहळू वाढवा. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी फोन करून विचारा की ही गोळी, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते दोन दिवस थांबवायचं का. मनाने बंद करू नका, आणि मनाने चालूही ठेवू नका. तोवर ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवून, घोट-घोट.

उठताना चक्कर, एरवीपेक्षा जास्त झोप, नवीन बद्धकोष्ठ, अचानक पडणं, किंवा एका-दोन दिवसांत बोलण्यात झालेला गोंधळ दिसला तर "वय झालं" म्हणून सोडू नका. गोंधळ असेल तर घरी पाणी पाजत बसू नका, ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ दवाखान्यात न्या, आणि जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं आणि पेयं लिहिलेला तो कागद बरोबर घ्या.