आईच्या फोनला वर्षाचा कॉल पॅक घ्यावा की दर महिन्याचा डेटावाला?

प्रश्न: आईच्या नंबरला दर 28 दिवसांनी 349 रुपयांचा, रोज 2 जीबीचा रिचार्ज करतो. घरी वाय-फाय आहे. ती महिन्यातले आठ-दहा दिवस मावशीकडे असते, तेवढाच डेटा लागतो. ॲपमध्ये वर्षाचा फक्त कॉल-एसएमएसचा पॅक 1849 ला आणि 30 दिवसांचा 12 जीबीचा डेटा व्हाउचर 161 ला दिसतोय. तो घेऊ का? शिवाय 60 रुपये टॉकटाइम पडून आहे, तो चालेल का?

उत्तर: घ्या, पण एक खात्री करून.

28 दिवसांचा रिचार्ज वर्षात 13 वेळा पडतो, म्हणजे 4537 रुपये. कॉल पॅक घेऊन अगदी प्रत्येक महिन्याला व्हाउचर टाकला, तरी 12 व्हाउचरचे 1932 धरून 3781 होतात. एखाद-दोन महिने आई मावशीकडे गेलीच नाही, तर बचत आणखी वाढेल. आत्ताच्या प्लॅनमधला न वापरलेला डेटा बहुधा रात्री 12 ला बुडतो. व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी मिळतो, पण आईचे दिवस वाराला बांधलेले नाहीत.

आता खात्रीचं. डेटा व्हाउचर एकट्याने चालत नाही, त्याखाली चालू मूळ प्लॅन लागतो. आणि फक्त कॉलच्या पॅकवर तो टाकता येतो का, हे पैसे भरण्याआधी कस्टमर केअरला विचारा. येत नसेल, तर वर्षभरासाठी एकगठ्ठा डेटा देणारा प्लॅन बघा.

व्हाउचरची मुदतही वाचा. पुढचा मूळ प्लॅन आधीच भरला तर तो रांगेत थांबतो. व्हाउचरचं घड्याळ मात्र सहसा लगेच सुरू होतं. म्हणून तो आई निघायच्या दिवशीच टाका, साठवून ठेवू नका. मुदत ‘मूळ प्लॅनइतकी’ असलेला मिळाला तर तोच घ्या: वर्षाच्या पॅकवर तेच 12 जीबी कित्येक महिने पुरतील. मात्र असे व्हाउचर कमी होत चाललेत. 2025 च्या जानेवारीत जिओने 69 आणि 139 रुपयांच्या व्हाउचरची मुदत मूळ प्लॅनवरून 7 दिवसांवर आणली.

टॉकटाइम म्हणजे वैधता नव्हे. पॅक संपला की 60 रुपये असूनही आईचे कॉल लागणार नाहीत. त्यांचा उपयोग वेगळा आहे: नंबर 90 दिवस वापरला नाही आणि खात्यात किमान 20 रुपये असले, तर ट्रायच्या नियमाप्रमाणे ते कापून नंबर आणखी 30 दिवस राखला जातो. तेव्हा राहू द्या. फक्त व्हाउचर नसताना मोबाइल डेटा बंद ठेवा. नाहीतर सुट्या दराने हे पैसे बघता बघता उडतील.

मावशीच्या गावी याच कंपनीची रेंज नीट आहे ना? मधेच नंबर पोर्ट केला तर वर्षाच्या पॅकचे उरलेले पैसे परत मिळत नाहीत.