रक्तपेढीचा ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आणि आमचे मामा

प्रश्न: गावातल्या शिबिरात रक्तदान केलं. आता रक्तपेढीतून फोन आला की एचआयव्हीची तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह आहे, येऊन भेटा. म्हणजे मला एचआयव्ही झालाच का? पुढे रक्तदान करता येईल का?

अजून ठरलेलं नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा, तपासणीला नवीन रक्त द्या, मग कळेल. आणि तोवर घरातल्या शहाण्या माणसाला सांगू नका. हे मी अनुभवानं सांगतोय.

मी लॅब टेक्निशियन. आमचं गाव दारव्ह्याकडचं. माझ्या चुलतभावाला असाच फोन आला तेव्हा त्याचं साक्षगंध तोंडावर होतं. तो बिचारा आमच्या मामांशी बोलला. मामांनी त्याला तालुक्याच्या एका खासगी लॅबमध्ये नेलं. तिथं पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह. “दोन खेपा आलं, आता काय राह्यलं? मशीन काय खोटं बोलते का बे?” असं म्हणून त्यांनी मुलीकडच्यांना कळवूनही टाकलं.

मी रक्तपेढीचा आकडा मागून पाहिला. एलायझा चाचणीत ज्या आकड्यापासून पुढं रिअ‍ॅक्टिव्ह धरतात तो कट-ऑफ ०.२२ आणि भावाचा आकडा ०.२९. काठावरचा. खासगी लॅबमधलं किट कोणतं, विचारलं, तर रक्तपेढीतलंच, त्याच कंपनीचं. किटवर एचआयव्हीच्या प्रथिनांचे तुकडे लावलेले असतात. कधी कधी भलत्याच कारणानं अंगात तयार झालेली एखादी अँटिबॉडी त्या तुकड्याला चिकटते. तेच किट पुन्हा लावलं तर ती पुन्हा चिकटणारच. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारलं म्हणून दोन साक्षी होत नाहीत, हे मामांना आजतागायत पटलेलं नाही.

रक्तपेढीचा कट-ऑफ मुद्दामच खाली ठेवलेला असतो. चांगली पिशवी फेकली तर एक पिशवी जाते, खराब पिशवी सुटली तर रोग्याच्या अंगात जाते. म्हणून तिथं एकाच चाचणीवर पिशवी बाद होते, त्यावरून माणसाचं निदान करायचं नसतं. हिशेब करून पाहा. समजा दहा हजार दात्यांत खरे बाधित दहा, आणि किट निरोगी माणसांपैकी हजारात पाच जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवतं. म्हणजे खरे दहा आणि खोटे जवळपास पन्नास. फोन साठ जणांना जाईल, त्यातल्या पन्नास जणांना काहीच झालेलं नसेल.

भावाला मी जिल्ह्याच्या आयसीटीसीत नेलं. आधी समुपदेशकानं त्याला एकट्याला आत घेतलं, संमती घेतली, मग ताजं रक्त काढलं. ताजं घेण्यामागं कारण असतं: शिबिरात नळीवरचा नंबर बदलला असेल तर तेही इथंच उघडं पडतं. तिथं तीन वेगवेगळी किटं असतात, प्रत्येकावरची प्रथिनं किंवा पद्धत निराळी. पहिलं सहज पकडणारं, पुढची दोन पारखून घेणारी. पहिल्यावर कंट्रोलच्या, म्हणजे किट नीट चाललं एवढंच दाखवणाऱ्या रेषेशेजारी फिकट गुलाबी रेष उमटली. फिकट असली तरी ती रिअ‍ॅक्टिव्हच धरायची. मात्र किटवर लिहिलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेष धरायची नाही, हौशी लोक इथंच घोळ घालतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या किटवर फक्त कंट्रोलची रेष. रिपोर्ट निगेटिव्ह. काही आठवड्यांनी पुन्हा केली, तेव्हाही निगेटिव्ह.

तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आली असती तर पॉझिटिव्ह, आणि उपचार लगेच, मोफत. पहिल्यासोबत उरलेल्या दोनांपैकी एकच आलं असतं तर निकाल अधांतरी, मग १४ ते २८ दिवसांनी परत बोलावतात. कारण संसर्ग नुकताच झाला असेल तर अँटिबॉडी हळूहळू वाढत असतात आणि पुढच्या खेपेला उरलेलं किटही पकडतं.

म्हणूनच आकडा काठावरचा आहे म्हणून नाचू नका. कोवळ्या संसर्गातही तो काठावरचा असू शकतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत जोखमीचं काही घडलं असेल तर समुपदेशकाला खरं सांगा, आणि पक्का निकाल येईपर्यंत निरोध वापरा. मी एचआयव्हीपुरतंच बोललोय. कावीळ आणि गुप्तरोगाच्या चाचण्यांची पक्की तपासणी वेगळी असते.

रक्तदानाचं म्हणाल तर ती पिशवी आयसीटीसीचा निकाल काहीही येवो, बादच. पुढं द्यायचं की नाही ते रिपोर्ट घेऊन रक्तपेढीच्या डॉक्टरला विचारा, स्वतः ठरवून दुसऱ्या शिबिरात जाऊन झोपू नका.

आणि तुमच्याकडेही कोणी मामा असतील तर त्यांना सांगा, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं दुसऱ्याचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय फोडता येत नाही. आमच्या मामांना मी निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला, तर म्हणाले, “सरकारी हाय ना?” खासगी लॅबचा पैसे देऊन घेतलेला कागद मात्र त्यांनी अजून कपाटात जपून ठेवलाय.