अनोळखी लोकांसमोर घरचं कशाला सांगायचं?

*ताई, नवरा रोज पितो. मैत्रिणीला किती वेळा तेच सांगणार? ती म्हणते, ‘सोड त्याला.’ समुपदेशक बाईंकडे जाते, त्यांचा उपयोगही होतो. आता त्यांनीच अल-अॅनॉनच्या बैठकीला जायला सुचवलंय. पण अनोळखी लोकांसमोर घरचं रडगाणं कशाला गायचं? आणि ह्यांना कळलं तर? – नाव छापू नका*

तिथे बोलावंच लागतं असं नाही. तुमची पाळी आली की ‘आज मी फक्त ऐकते’ म्हणायचं, पाळी पुढे जाते. फक्त पहिलं नाव सांगतात आणि ज्यानं-त्यानं ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं. फी नसते. शेवटी ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरते, पण नव्या माणसाकडून कुणी पैशांची अपेक्षा धरत नाही.

अल-अॅनॉन हा पिणाऱ्यांचा नव्हे, त्यांच्या घरच्यांचा गट. दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, त्याच्या संस्थापकांपैकी एक बिल विल्सन. त्यांच्या पत्नी लोइस यांनी 1951 मध्ये एका मैत्रिणीला सोबत घेऊन तो उभा केला. नवऱ्यानं दारू सोडली तरी आपलं बिनसलेलंच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता मैत्रिणीचं. ती तुमच्या बाजूची आहे, आणि अडचण तिथेच आहे. तुमचं रडणं तिला बघवत नाही, म्हणून ती उपाय सांगते. तो तुम्ही केला नाहीत की तिला राग येतो आणि पुढच्या वेळी तुम्ही अर्धंच सांगता. समुपदेशक बाई चिडत नाहीत, पण तिथे सांगणाऱ्या कायम तुम्ही आणि ऐकणाऱ्या कायम त्या.

गटात काय होतं, ते एका उदाहरणानं सांगते. समजा, एक बाई म्हणते, ‘दर सोमवारी मी त्याच्या ऑफिसात फोन करून सांगायचे, ताप आलाय.’ चारपाच जण हसतात. ते हसू टिंगलीचं नसतं, त्या सगळ्यांनी तो फोन केलेला असतो. मग ती सांगते की एका सोमवारी तिनं फोन त्याच्याच हातात दिला, ‘तुझं तू सांग’ म्हणाली आणि आंघोळीला निघून गेली. हात थरथरत होते. त्याला साहेबांची बोलणी बसली, घरात दोन दिवस अबोला झाला, पगार कापला जाईल या धास्तीनं तिची झोप उडाली. तरी पुढच्या सोमवारी तिनं फोन केला नाही. ‘तूही असंच कर’ असं ती म्हणत नाही, कारण बैठकीत दुसऱ्याच्या बोलण्यावर सल्ला द्यायचा नाही असा रिवाज आहे. पण तो अबोला किती टिकतो आणि त्यात कसं राहायचं, हे तुम्हाला ते दिवस काढलेल्या बाईकडून कळतं. आणि काही महिन्यांनी एखादी नवी बाई तुमचं बोलणं ऐकून मान डोलावते. आपला अनुभव कुणाच्या उपयोगी पडतो, हे मैत्रिणीकडे किंवा समुपदेशनात सहसा घडत नाही. मला गटाची ही बाजू सर्वांत मोलाची वाटते.

अल-अॅनॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर बैठका शोधता येतात, त्यात ऑनलाइन बैठकाही असतात. वेळा बदलतात, म्हणून आधी खात्री करून घ्या. बैठक साधारण तास-दीड तासाची असते. निदान सहा बैठका करून मगच ठरवा, असं तेच लोक सुचवतात. शक्य असेल तर त्या दोन वेगवेगळ्या गटांत करा, कारण गटागटाचा स्वभाव निराळा असतो. ‘उच्च शक्ती’ हा शब्द कानावर पडेल. तो कुठल्या एका धर्माचा नाही, तरी काहींना खटकतोच. तुम्हालाही खटकला, तर स्मार्ट रिकव्हरी या दुसऱ्या संस्थेच्या कुटुंबीयांसाठीच्या बैठका बघा.

दर वेळी एकच माणूस अर्धा तास खात असेल, कुणी औषध बंद कर किंवा घटस्फोट घे म्हणून मागे लागत असेल, काही विकत असेल, किंवा तुमची गोष्ट बाहेरून तुमच्याच कानावर आली, तर तो गट सोडा. पहिल्या बैठकीनंतर रडू येणं वेगळं. दर वेळी जास्तच खचून घरी येत असाल, तर ते समुपदेशक बाईंना सांगा. त्यांच्याकडे जाणं थांबवू नका.

गटात गेल्यानं नवऱ्याची दारू सुटेल, या आशेवर जाऊ नका. आणि त्यांनी कधी स्वतःहून सोडायची म्हटलीच, तर आधी डॉक्टर गाठा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं.

ह्यांना कळलं तर? ते शुद्धीत असताना एवढंच सांगा: ‘मी माझ्यासाठी एका गटात जाते.’ तिथे कोण येतं, काय बोलतात, हे सांगायची गरज नाही. मात्र ते हात उगारत असतील, तर एवढंही सांगू नका. आधी समुपदेशक बाईंबरोबर बसून ठरवा की वेळ आली तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा आणि कुठली कागदपत्रं हाताशी ठेवायची. बैठक त्यानंतर.