संदिग्ध, अनिर्णीत की खुला?

“नायकाचं पुढे काय झालं हे लेखक सांगतच नाही, अशा शेवटाला मराठीत काय म्हणायचं? मी ‘संदिग्ध शेवट’ लिहिलं होतं. एकाने ‘अनिर्णित’ सुचवलं, दुसऱ्याने ‘अध्याहृत’. यांत फरक आहे का?”

आहे, आणि एखादी गोष्ट समोर ठेवली की तो चटकन दिसतो. फ्रँक स्टॉकटन या अमेरिकन लेखकाची १८८२ सालची ‘द लेडी, ऑर द टायगर?’ ही कथा घेऊ. एका अर्धरानटी राजाचा न्याय असा : आरोपीला रिंगणात सोडायचं, समोर शेजारी शेजारी दोन सारखीच दारं. एकामागे भुकेला वाघ, दुसऱ्यामागे त्याला साजेशी मुलगी. वाघ निघाला तर तो दोषी, मुलगी निघाली तर निर्दोष आणि तिथल्या तिथे लग्न. राजकन्येवर प्रेम केलं म्हणून एका तरुणाला रिंगणात उतरवतात. कोणत्या दारामागे काय आहे, हे राजकन्येने पैसे चारून आणि खटपट करून काढून घेतलंय. ती मुलगी कोण हेही तिला ठाऊक आहे आणि तिच्याबद्दल मनात जळफळाट आहे. तरुण वर बघतो, राजकन्या हात किंचित उजवीकडे हलवते, तो न अडखळता उजवं दार उघडतो. मग लेखक आपल्यालाच विचारतो : बाहेर कोण आलं?

इथे ‘अनिर्णीत’ बसत नाही. (त्यातला ‘णी’ दीर्घच, क्रिकेटच्या बातम्यांत ऱ्हस्व छापतात तरी.) अनिर्णीत म्हणजे ज्याचा निकाल लागलाच नाही असं. इथे निकाल लागलाय. राजकन्येने कित्येक दिवस आणि रात्री तळमळत ठरवलंय, दारही उघडलंय. फक्त आपल्याला सांगितलेलं नाही.

‘अध्याहृत’ तर उलट्या टोकाचं. “जेवलास?” “हो.” या उत्तरात ‘जेवलो’ अध्याहृत आहे, कारण गाळलेला शब्द कुणीही बिनचूक भरू शकतो. या गोष्टीतली गाळलेली जागा दोघांनी भरली तर दोन तऱ्हांनी भरली जाईल.

‘संदिग्ध’ची गंमत निराळी. ‘दिह्’ म्हणजे लिंपणे, माखणे. ‘संदेह’ आणि ‘संदिग्ध’ याच धातूपासून आलेले. वर काहीतरी लिंपल्यामुळे खालचं स्पष्ट दिसत नाही, असा भाव. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यदोषांच्या यादीत ‘संदिग्ध’ घातलाय, त्यामुळे हा शब्द कानाला आजही थोडी तक्रार केल्यासारखा लागतो. शिवाय स्टॉकटनचं शेवटचं वाक्य मुळीच धूसर नाही. वाघ की मुलगी, दोनच पर्याय, अगदी लख्ख. मी संदिग्ध तेव्हा म्हणेन, जेव्हा वाक्याचेच दोन अर्थ निघतात. “तो पाण्यात उतरला आणि लहान होत गेला” यात नायक बुडाला की नुसता दूर गेला, हे त्या वाक्यातच अडकलंय. वाक्य स्पष्ट असून सांगणं मध्येच थांबवलं असेल, तर ‘खुला शेवट’. तुम्हाला बहुतेक हाच शब्द हवा आहे.

खुला म्हणजे मात्र वाटेल तसा नव्हे. राजकन्येला गुपित कळलंच नव्हतं, किंवा तरुणाने ऐन वेळी डावं दार उघडलं, हे अर्थ कथेत बसत नाहीत. दोन्ही गोष्टी लेखकाने साफ सांगितल्यात. उरलेल्या दोन वाचनांचं वजनही सारखं नाही. वाघाच्या दारापाशी त्याला कल्पून ती कितीदा दचकली होती, असं लेखक सांगतो. पण दुसऱ्या दारापाशी, त्या मुलीला बघून आनंदलेला, असा तो तिला त्याहून कितीतरी जास्त वेळा दिसला होता. पारडं वाघाकडे झुकतं. लगेच पुढे तिला तो वाघ, त्या किंकाळ्या, ते रक्त आठवतं आणि पारडं पुन्हा हलतं. माझा कौल वाघाला, पण तो माझ्या स्वभावावरून असू शकतो. स्टॉकटनने १८८५ मध्ये याच कथेला जोडून आणखी एक कथा लिहिली, तर तिच्या शेवटीही नवा पेचच टाकला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना एक अडचण येते. मराठी क्रियापद लिंग सांगून मोकळं होतं. भाचीला मी रंगात येऊन म्हणालो, “त्याने दार ओढलं, आणि आतून बाहेर आला…” आणि नाट्यमय थांबलो.

“म्हणजे वाघच की!” ती म्हणाली.

‘कोण आलं’ म्हणायला हवं होतं.