गावाकडचं दुसरं रिसेप्शन: आधी आहेराची वही उघडा

ताई, फेब्रुवारीत पुण्यात आमचं लग्न झालं, रिसेप्शनही तिथेच केलं. गाव उदगीर तालुक्यात. हरभऱ्याची काढणी, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि रात्रभराचा प्रवास, त्यामुळे निम्मी भावकी आलीच नाही. आता अण्णांना मे महिन्यात उदगीरच्या मंगल कार्यालयात ७०० माणसांचं रिसेप्शन करायचंय. अंदाज ५ लाख २० हजारांचा आलाय. माझ्या हातात पगाराचे ६२ हजार येतात, भाड्यासकट घरखर्च ३८ हजार. बायको सध्या नोकरी शोधतेय. लग्नानंतर ३ लाख २० हजारांची एफडी उरलीय. ४ लाखांचं पर्सनल लोन काढू का? अण्णा म्हणतात, आहेरातून निघेल.

कर्ज काढू नका. कार्यक्रम मात्र करा, कारण अण्णांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

आधी आहेराचं बोलू. पुण्यातल्या लग्नाची आहेराची वही काढा आणि गावाकडची नावं शोधा. कितीतरी नावांपुढे ‘ह.’ लिहून दुसऱ्याचं नाव असेल. ‘हस्ते’ अमुक, म्हणजे माणूस आला नाही, पण पाकीट कुणाच्या तरी हाती पाठवलं. ही माणसं तुमच्या दुसऱ्या रिसेप्शनची खरी यादी आहेत, आणि त्यांचा आहेर तर आधीच येऊन गेलाय. त्यांच्याकडून दुसऱ्यांदा अपेक्षा करायची कशी? शिवाय गावात आहेर हे उसनंच असतं, आज ५०१ आले की त्यांच्या घरच्या लग्नात ते फेडायचे. तेव्हा आहेर जमेच्या बाजूला शून्य धरा. पत्रिका छापणार असाल तर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापूनच टाका.

आता ७०० हा आकडा. गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका कुटुंबाचीही अशीच ७०० ची यादी होती. वही घेऊन बसलो तेव्हा त्यातली शे-सव्वाशे माणसं दोन गाड्या करून पुण्याला जेवून आलेली निघाली. बऱ्याच जणांची नावं केवळ ‘त्यांनी आपल्याला बोलावलं होतं’ म्हणून होती. मग आवतण कसलं द्यायचं, ते घरागणिक ठरवलं. जवळच्या ४० घरांना चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, लेकराबाळांसकट सगळे जेवायला. बाकीच्या ९० घरांना घरटी एक. घरी सरासरी पाच माणसं धरली तर हे झाले २०० आणि ९०. पुण्याला येऊन गेलेल्यांपैकी टाळताच येणार नाहीत असे ६०. एकूण ३५०, वर थोडी भर घालून स्वयंपाक ३८० चा. आमंत्रण द्यायला जाणाऱ्याला चूलबंद कुठे आणि घरटी एक कुठे हे नीट सांगितलं नाही, तर हाच आकडा एका फेरीत दुप्पट होतो. ती यादी कागदावर लिहून द्या.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. ज्यांना प्रवास झेपला नाही त्यांत म्हातारी माणसं जास्त असणार. गुडघे धरलेल्या आत्याला पुणे लांब पडलं, तसंच गावातून उदगीरचं कार्यालयही लांबच पडेल. मंडप घरापुढे किंवा मारुतीच्या पारापाशी घाला. स्टेज नको. दोन सिंहासनांपुढे रांग लावून पाकीट आणि फोटो, हे पुण्यात झालंय. त्याऐवजी सकाळी सत्यनारायण आणि दुपारी पंगती. शंभर-शंभरच्या चार पंगती बसल्या, की प्रत्येक पंगतीत बुंदी तुम्ही दोघांनी वाढायची. त्यात प्रत्येकाला सूनबाई जवळून दिसते, दोन शब्द बोलणं होतं. लग्नातलेच कपडे घाला, गावाने ते कुठे पाहिलेत! जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी आदल्या संध्याकाळी जाऊन पाया पडून या.

जेवणाचा ठेका ताटावर देऊ नका. ठेकेदार किमान ताटांची हमी मागतो: ५०० ची हमी दिली आणि ३५० जेवले तरी पैसे ५०० चेच. त्यापेक्षा गावाकडची जुनी रीत चांगली. आचारी मजुरीवर ठरवायचा, त्याच्याकडून किराण्याची यादी घ्यायची आणि सामान आपण भरायचं. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा, न फोडलेले तेलाचे डबे आणि साखरेची पोती परत घेतो का म्हणून. ओळखीचा असेल तर बहुतेक घेतो. वरण-भात, पुरी, वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा एवढ्यावर त्या कुटुंबाचं ताट मजुरीसकट १५० रुपयांत बसलं होतं.

तुमच्याकडेही एवढीच माणसं निघाली असं धरू. जेवण ५७ हजार, मंडप, भांडी, खुर्च्या आणि पाण्याचे जार मिळून ३५ हजार, पूजा आणि गोंधळ ८ हजार, भावकीतल्या वडीलधाऱ्यांच्या साड्या आणि टोपी-टॉवेल १५ हजार, तुमचा येण्याजाण्याचा खर्च १२ हजार. ऐनवेळच्या गोष्टींना १३ हजार. झाले १ लाख ४० हजार. कुलदैवत तुळजाभवानी असेल तर सोलापूरमार्गे येताना तुळजापूर वाटेतच लागतं, दर्शनाची वेगळी खेप पडणार नाही. मे महिन्यातली लग्नाची दाट तिथ मात्र टाळा. तुम्हाला मुहूर्त लागत नाही, आणि बिनतिथीच्या दिवशी मंडपवाला आणि आचारी दोघेही दर कमी करतात. एकादशीही टाळा, नाहीतर निम्मं गाव उपाशी परत जाईल.

आता कर्ज का नको ते. ४ लाख, १४ टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता साधारण १३,६७० चा पडतो आणि व्याजाचे सुमारे ९२ हजार जातात. आज तुमच्याकडे महिन्याला २४ हजार उरतात, त्यातले निम्म्याहून जास्त तीन वर्षं अडकणार, तेही घरात एकच पगार असताना. शिवाय उरलेल्या १ लाख २० हजारांना एफडीतच हात घालावा लागेल.

१ लाख ५२ हजार रुपये, म्हणजे चार महिन्यांचा घरखर्च, बाजूला राहिलाच पाहिजे. बायकोला नोकरी लागेपर्यंत तर नक्कीच. त्यावरचे १ लाख ६८ हजार उरतात आणि १ लाख ४० हजार त्यात बसतात. सगळी एफडी एकाच पावतीवर असेल तर ती मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते. बँकेकडून त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. त्याचा दर साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. तुमच्या शिलकीतून सहा-सात महिन्यांत तो फिटेल.

आणि अण्णांनी कार्यालयाचाच हट्ट धरला तर एक लक्षात ठेवा. ‘रोख द्या, जीएसटी लावत नाही’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. एका कार्यक्रमासाठी एकाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही. ती भीती घेणाऱ्याला, पण पावती नसली की तारीख बदलल्यावर अनामत परत मागायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

अण्णांशी तुमच्या पगारावरून बोलू नका, वाद होईल. वही मधे ठेवून बसा आणि ‘ह.’ ची नावं त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. कुणाला चूलबंद द्यायचं हेही तेच ठरवतील. वही बहुधा पुण्यातच कुणाच्या तरी कपाटात, उरलेल्या अक्षतांच्या पिशवीशेजारी असेल. गावी जाण्याआधी ती मिळवा.