फायनलचा अंदाज कसा बांधायचा?

"सर, इंटरनलला 40 पैकी 27 आहेत. आता सगळं फायनलच्या 60 वर. पेपर चांगला गेला तर ठीक, नाही तर बॅक ठरलेली. शेवटी ग्रेड काय पडंल, हे आधी कळतं का?"

ऑक्टोबर सरत आला की लातूरच्या माझ्या खोलीत हा प्रश्न रोज येतो. यंदा तो विचारणारा औशाकडचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा होता. विषय गणित, एम-थ्री. घरी सोयाबीनची रास चालू होती आणि हा रात्री तीनपर्यंत जागत होता.

मी म्हणालो, "असा पेपर दहा वेळा दिलास, तर किती वेळा वाईट जाईल?"

"आठ वेळा."

"हे आठ कुठून आणलेस?"

तो गप्प. मी माणसाला धीर देत बसत नाही, त्याच्या मनातला आकडा पुराव्यापुढे उभा करतो. माझी ही सवय काही सहकाऱ्यांना कोरडी वाटते, वाटू दे. मी त्याला आधीच्या दोन सत्रांचे मार्कमेमो आणायला सांगितले. प्रत्येक सत्रात पाच, असे दहा पेपर होते. त्यांतल्या फायनलच्या गुणांचे आम्ही तीन ढीग केले. दोन पेपर चांगले गेले होते, सरासरी 48. पाच मध्यम, सरासरी 34. तीन वाईट, सरासरी 18. लक्षात मात्र त्याला तेवढे तीनच राहिले होते. विषय वेगळे आणि पेपर दहाच, म्हणून हा अंदाज कच्चा होता. पण तो कागदावरचा होता, भीतीचा नव्हता.

मग गणित त्यानंच केलं. 48 चे 0.2 पट म्हणजे 9.6, 34 चे निम्मे 17, 18 चे 0.3 पट 5.4. बेरीज 32. इंटरनलचे 27 मिळवून 59.

"म्हणजे 59 पडणार!" चेहरा खुलला.

"नाही पडणार. तुझ्या तीन शक्यतांचे एकूण गुण 75, 61 आणि 45. यात 59 कुठं आहे?"

बहुतेक मुलं इथंच फसतात. 59 हे भाकीत नाही, तीन शक्यतांना त्यांच्या वजनानं तोलून काढलेला मध्य आहे. शिवाय ग्रेड गुणांसारखी सरळ चढत नाही. त्याच्या कॉलेजात फायनलला स्वतंत्रपणे 60 पैकी 24 लागतात. वाईट पेपरात एकूण 45 झाले तरी फायनलचे 18 म्हणजे बॅक, ग्रेड पॉइंट शून्य. त्यांच्या तक्त्यात 75 ला 8 पॉइंट, 61 ला 7 आणि 59 ला 6. म्हणून आधी प्रत्येक शक्यतेचं पॉइंटात रूपांतर करायचं, सरासरी मग काढायची. 8 चे 0.2 पट 1.6, 7 चे निम्मे 3.5, शून्याचे शून्य. बेरीज 5.1. गुणांची सरासरी 6 पॉइंटांवर बसत होती, खरा हिशेब त्याच्या बराच खाली होता.

मी विचारलं, "रात्री तीनपर्यंत काय करतोस?"

"कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. अवघड आहे ना, सर. ते आलं की पेपर चांगलाच जाईल."

"बरं. समज तुझ्या जागरणानं दहातले दोन मध्यम पेपर चांगले झाले. हिशेब कर."

एकूण 61.8 आले, पॉइंट 5.3.

"आता तेच दोन पेपर वाईटातून मध्यमात आण."

62.2 आले. गुणांत फरक नसल्यासारखाच. पॉइंट मात्र 6.5. त्यानं दोनदा तपासलं आणि पेन खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे मी चुकीच्या टोकाला राबायलो होतो की!"

इतकी वर्षं हे काम करतोय, पण तेवढ्या वेळात एखाद्याचं जागरण थांबलेलं क्वचितच पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी एक गोष्ट नव्यानं दिसली: भीतीच्या पोटी माणूस भीतीच्या जागेपासून लांबच अभ्यास करतो.

पुढचं सोपं होतं. पाच घटक, प्रत्येकी 12 गुण. लाप्लास आणि इनव्हर्स लाप्लास त्याला अर्धवट येत होते. दोन्ही पक्के केले तरी जेमतेम 24 होतात, आणि एक पायरी चुकली की खाली. म्हणून तिसरा घटक फुरियर घ्यायचा. कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स वेळ उरला तर. आठवड्याला एक जुना पेपर, तीन तास घड्याळ लावून सोडवायचा आणि गुण त्याच तीन ढिगांत टाकायचे. वाईट ढीग वाढत असेल तर आपला अंदाज चुकला, तो बदलायचा.

निकालाच्या दिवशी त्याचा फोन आला. "सर, फायनलला 31. एकूण 58. तुम्ही तर 62 म्हणला होता."

"मी नव्हतो म्हणालो. ते तुझ्या गणितात आलं होतं, आणि ते भाकीत नव्हतं."

तो हसला. "बॅक नाही, तेवढं बास. पण आता पेपर पंधरा झाले. मार्कमेमो घेऊन येऊ का, पुन्हा ढीग लावायला?"